इथे तारीख नाही

"मॅडम, रिटायर होऊन आठ महिने झाले. हाती पैसे आलेत आणि रोज कुणीतरी नवा धंदा सुचवतं. काय करावं ठरत नाही, रात्री झोप लागत नाही. मी आळशी झालोय का?"

हे काका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून वरिष्ठ लिपिक म्हणून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या परवानगीने, ओळख पुसून लिहितेय. त्यांच्यासारखे गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनाला वर्षाला दहाबारा तरी येतात, आणि बहुतेक सगळे घडी घातलेली यादी घेऊनच येतात. काकांच्या यादीत भाच्याच्या हॉटेलात भागीदारी, विमा एजन्सी, झेरॉक्सचं दुकान आणि सोसायटीचे हिशेब होते. शेवटी एक ओळ खोडलेली होती: 'लोकांचे अर्ज भरून देणं.'

"ही का खोडली?"

"चौतीस वर्षं कारकुनीच केली. आता तरी काहीतरी मोठं केलंच पाहिजे ना?"

असा 'च' ऐकला की मी थांबते. पैसे मिळवावेत, मान मिळावा ही इच्छा झाली. तिला 'च' लागला की तीच इच्छा हुकूम होते, आणि हुकमाखाली माणूस निवड करत नाही, सुटका शोधतो. ही माझी विवेकनिष्ठ विचारसरणी. तिच्यावर हटवादीपणाचा आरोप होतो, पण वीस वर्षांत तिने मला फारसं तोंडघशी पाडलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "हॉटेलात घालायचे पैसे नक्की कशाचे?" काका एकदम ऑफिसच्या आवाजात बोलू लागले. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी किती, रजेचं रोखीकरण किती, अंशराशीकरण किती. अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त 40 टक्के, विकून एकरकमी पैसे घ्यायचे. त्या बदल्यात 15 वर्षं पेन्शन कापून मिळते. सांगता सांगता ते स्वतःच अडखळले. "म्हणजे हे बक्षीस नाहीच. मी माझंच पुढचं पेन्शन आगाऊ उचललंय." भाच्याचं हॉटेल त्या वाक्यात बंद झालं, मला एक शब्दही बोलावा लागला नाही. निवृत्तांनी कुठल्याही धंद्याला हो म्हणण्याआधी हातातल्या रकमेचे असे तुकडे करून पाहावेत. बँकेतला एकच आकडा फसवा असतो.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली, तीही माझ्या कौशल्याने नाही. माझं संमतीपत्र त्यांच्यापुढे होतं. चष्मा कपाळावर, बोट कागदावर. "मॅडम, इथे सहीखाली तारीख नाही. पालकांची सही कुठल्या वयापर्यंत लागते तेही लिहिलेलं नाही. उद्या वाद झाला तर हा कागद उभा राहणार नाही." मी तो फॉर्म तेव्हा सात वर्षं वापरत होते. म्हटलं, "काका, आठ महिन्यांत तुमचा चेहरा असा कधी उजळला होता?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खोडलेली ओळ परत लिहू का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. उत्साहाच्या भरात घेतलेला निर्णय आठवड्यानंतर टिकला तर खरा. म्हणून सांगितलं की जुन्या मित्राला पत्र लिहा, हेच का आणि बाकीचं का नाही ते त्याला पटवा. स्वतःला पटवणं सोपं असतं, शाळेपासूनच्या मित्राला फसवणं कठीण. पत्रातला हा भाग त्यांनी छापायला दिला:

"बंड्या, तू म्हणशील, म्हातारपणी परत टेबलच? ऐक. विमा एजन्सीत पहिलं गिऱ्हाईक म्हणून तुलाच गाठावं लागेल आणि तू माझा फोन उचलायचा बंद करशील. झेरॉक्सच्या दुकानाला गाळ्याचं डिपॉझिट आलं, मशीन आलं, गिऱ्हाईक येवो न येवो भाडं सुरू. सोसायटीचे हिशेब घेतले तर शेजाऱ्यांशी भांडण फुकट. ह्या कामाला घरचा व्हरांडा, एक प्रिंटर आणि माझा चष्मा पुरतो. नाही चाललं तर प्रिंटर नातवाला.

आता मागच्या आळीतल्या वहिनींचं ऐक. मालक केंद्र सरकारच्या नोकरीत होते, वारल्यावर वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन. नोव्हेंबरात कुणीतरी मोबाइलवरून हयातीचा दाखला काढून दिला. प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला, वहिनी निश्चिंत. मग पेन्शन थांबलं. मी बघितलं तर पेन्शनच्या प्रकारात Family ऐवजी Service निवडलेलं, आणि खाते क्रमांक मालकांच्या जुन्या खात्याचा. क्रमांक येणं म्हणजे दाखला निघणं, बँकेने तो स्वीकारणं वेगळं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी पेन्शनचा आदेश म्हणजे PPO आणि पासबुक समोर ठेवून परत भरला. बोटांचे ठसे घासून गेलेत, म्हणून AadhaarFaceRD हे ॲप घेऊन चेहऱ्यावरून केला. उजेड समोरून यावा म्हणून त्यांना दारात बसवलं. चार दिवसांनी स्वीकारल्याचं बघितलं आणि मगच कागद परत दिले. थकबाकीसकट पेन्शन आलं. साडेतीन दशकं लोकांची सेवापुस्तकं सांभाळली, पण समोर बसून कुणी चहा पाजला नव्हता रे."

पत्र चांगलं होतं, पण त्यात एक धोका मला दिसला. वहिनींचं काम झालं म्हणून सगळ्यांचं होईलच, हा नवा 'च' दाराशी उभा होता. दाखला मंजूर करणं बँकेच्या किंवा तहसीलच्या हातात, काकांच्या नाही. म्हणून पुढच्या दोन भेटी आम्ही फक्त 'नाही' म्हणण्यावर घालवल्या. पैसे अर्ज भरण्याचे, काम 'करून देण्याचे' नाहीत. ते घेतले की माणूस दलाल होतो. मूळ कागद रात्रभर घरात ठेवायचे नाहीत. दुसऱ्याच्या जागी सही नाही, अगदी आजी रडली तरी. ओटीपी ज्याचा त्याने वाचून स्वतः टाकायचा, पासवर्ड आपल्या वहीत लिहायचा नाही. आधारवरचा पत्ता बदलायचा असेल तर कुठले पुरावे चालतात ते सांगायचं, अंगठा लागणारं काम केंद्रावर पाठवायचं. काकांनी ह्याचा तक्ता करून व्हरांड्यात लावला. मला वाटलं होतं लोक बिचकतील, तर गिऱ्हाईक वाढलं. माझा अंदाज चुकला तो एवढाच.

अर्ज फेटाळला गेला की काकांची झोप अजूनही उडते. फरक इतकाच की आता ते रात्री एकला उठून स्वतःला कोसत नाहीत. फेटाळल्याचं कारण कागदावर लिहितात, सकाळी संबंधिताला दाखवतात. बहुतेक वेळा नावाच्या स्पेलिंगमधला फरक निघतो. पॅनवर एक, पासबुकावर दुसरं.

त्या पत्राला खाली ताजा कलम होता, तो मी इथे मुद्दाम ठेवतेय, कारण तो वाचून मी आमच्या भेटी थांबवल्या:

"ता. क. – तुझं ईपीएफचं पेन्शन. तुला नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून 12 महिने चालतो. मागचा कधी दिलास ते बघ. पासबुक घेऊन ये. पन्नास रुपये लागतील, मैत्रीत सूट नाही."