भावाने उडवले, बँक मला विचारते

प्रश्न : चवथीला धाकट्या भावाला माझ्या क्रेडिट कार्डावरचे अॅड-ऑन कार्ड दिले. त्याने कळंगुटच्या शॅकसाठी फ्रीज, टेबले, खुर्च्या घेतल्या. बिल १,३८,००० रुपये आले. तो म्हणतो, सीझन सुरू झाल्यावर देईन. कार्डावर नाव त्याचे आहे, मग बँक मला का विचारते? - एक वाचक, फोंडा

उत्तर : कार्डावरचे नाव त्याचे असले तरी बँकेचा करार तुमच्याशी आहे. रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत: अॅड-ऑन कार्डाची देणी मूळ कार्डधारकाची. त्यामुळे बँक भावाच्या मागे जाणार नाही आणि थकबाकीची नोंद तुमच्या नावावर पडेल. 'हे व्यवहार माझे नाहीत' अशी फसवणुकीची तक्रार मात्र मुळीच करू नका. कार्ड तुम्हीच दिलेत, त्याने ते तुमच्या परवानगीने वापरले. तक्रार खोटी ठरेल.

सीझनची वाट पाहणे महागात पडेल. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर १,३८,००० वर महिन्याला ४,८३० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५,७०० रुपये. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर मूळ रक्कम फारशी हलणार नाही.

म्हणून आजच भावाचे कार्ड अॅपवरून किंवा हेल्पलाइनवर ब्लॉक करा आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा. तक्रार क्रमांक व वेळ जपून ठेवा, कारण पुढे एखादा व्यवहार झाला तर तोच तुमचा पुरावा. ब्लॉक करायला थकबाकी आड येत नाही. कार्ड कायमचे बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते, पण त्यासाठी आधी देणी फेडावी लागतात. भावाने त्या कार्डावर आपोआप पैसे कापले जाणारे काही जोडले असेल तर तेही थांबवा.

आता पैसे परत कसे मिळवायचे? तुम्ही बँकेला भरा आणि भावाकडून वसूल करा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७० नुसार, फुकट देण्याचा हेतू नसताना एखाद्यासाठी काही केले आणि त्याने लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. भाऊ उद्या 'दादाने मदत केली होती' म्हणेल. तुमचा दावा तिथेच अडेल. त्यामुळे 'सीझन सुरू झाल्यावर देईन' हे त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर रक्कम आणि तारखेसह लिहून घ्या. फोनवरचे बोलणे पुरेसे नाही. फ्रीज-खुर्च्यांच्या पावत्या आणि बँकेचे स्टेटमेंटही जवळ ठेवा. नाहीच दिले तर वकिलामार्फत नोटीस, मग दिवाणी दावा. मुदत तुम्ही पैसे भरल्यापासून तीन वर्षे.

घराबद्दलही सांगतो. कार्डाचे कर्ज विनातारण असते, न्यायालयाचा हुकूमनामा मिळाल्याशिवाय बँक घराला हात लावू शकत नाही. मात्र त्याच बँकेत तुमची ठेव असेल, तर ती थकबाकीपोटी वळती करण्याची अट कार्डाच्या करारात आहे का, हे आधी वाचून पाहा. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते. त्यामुळे प्रकरण न्यायालयात गेले तर लग्नाची कागदपत्रे घेऊनच वकिलाकडे जा, आणि पत्नीला हे सगळे आजच सांगा.