जिगसॉने धडा घ्या, पण गटाला एकच गुण देऊ नका

प्रश्न: सहावीला नागरिकशास्त्र शिकवते. जिगसॉ पद्धतीने, म्हणजे धड्याचे भाग मुलांत वाटून आणि प्रत्येकाने आपला भाग गटाला शिकवायचा असं ठरवून, धडा घेतला, भूमिकाही वाटून दिल्या, तरी प्रत्येक गटात एकच मुलगी सगळं करते आणि बाकीचे ऐकतही नाहीत. भूमिका कशा द्याव्यात आणि गुण कसे द्यावेत?

उत्तर:

गुण ज्याचे त्याला द्या. पाच नावांपुढे एकच आकडा लिहू नका. या एका मुद्द्यावरून आमच्या शाळेतल्या तेव्हाच्या पर्यवेक्षक सरांशी माझा बरीच वर्षं वाद चालला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची शाळा मध्य मुंबईतली, मराठी माध्यमाची. वर्गात पन्नास मुलं. सरांचं म्हणणं असं की आकारिक मूल्यमापनात गटकार्याची नोंद दाखवावी लागतेच, तर पाच जणांना मिळून तक्ता करायला सांगा, तक्त्याला गुण द्या आणि तेच पाचही जणांना लावा. तपासायला सोपं जातं, शिवाय मुलं एकत्र काम करायला शिकतात. मला हे कधीच पटलं नाही. तक्त्याला गुण असले की ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिच्याकडे स्केचपेन जातं आणि बाकीचे चौघं पट्टी धरून बसतात. तुमच्या वर्गातली ती मुलगी हावरट नाही आणि बाकीचे आळशीही नाहीत. तुम्ही ज्याला गुण देताय, ते एकीने केलं तरी पुरतं, एवढंच.

जिगसॉ ज्यांनी सुरू केली त्या एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती वापरली. गोरी, काळी आणि मेक्सिकन घरांतली मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. त्यांच्या मूळ पद्धतीत गटाला गुण नाहीतच. शेवटी प्रत्येकाने एकट्याने चाचणी द्यायची. पुढे शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट स्लेव्हिन यांनी तिच्यात गटाचे गुण आणले, पण तेही प्रत्येक मूल स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती पुढे गेलं यावरून काढायचे. तक्त्याचा यात कुठेच संबंध नाही. हे मी सरांना दाखवलंही होतं. ते म्हणाले, "तिकडे वर्गात पंचवीस मुलं असतात, बाई."

म्हणून पन्नास मुलांचा वर्ग कसा घेतला तेच सांगते. धडा शहरी स्थानिक शासन संस्थांचा, आणि वर्ष २०२३, जेव्हा मुंबईत हा धडा शिकवणं अवघड होऊन बसलं होतं.

मी मुंबई महापालिकेवर पाच चिठ्ठ्या केल्या होत्या, प्रत्येकी अर्ध्या पानाची. पहिली नगरसेवक आणि सर्वसाधारण सभेची: २२७ नगरसेवक, ते कसे निवडून येतात, सभेत काय ठरतं. दुसरी महापौरांची: नगरसेवक आपल्यातून त्यांना निवडतात, मुदत अडीच वर्षं, सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे. तिसरी स्थायी समितीची: २७ सदस्य, तिचा अध्यक्ष वेगळा, ठरावीक रकमेवरच्या कंत्राटांना तिची मंजुरी लागते. चौथी आयुक्तांची: नेमणूक राज्य सरकार करतं, अंमलबजावणी त्यांच्या हातात, अंदाजपत्रक तेच स्थायी समितीपुढे मांडतात. पाचवी पैशाची: मालमत्ता कर, पाणीपट्टी, आणि जुलै २०१७ मध्ये जकात गेल्यावर राज्याकडून मिळणारी भरपाई.

पाच मुलांचे दहा मूळ गट, गटात प्रत्येकाकडे वेगळी चिठ्ठी. एकच चिठ्ठी असलेल्या मुलांनी आधी एकत्र बसून तयारी करायची, तो तज्ज्ञ गट. एकेका चिठ्ठीची दहा मुलं झाली, म्हणून प्रत्येक चिठ्ठीचे तज्ज्ञ गट दोन केले. दहा जणांचा तज्ज्ञ गट करू नका, त्यात सहा जण नुसते बसतात. पाठ्यपुस्तकं दप्तरात. हे बारीक वाटेल, पण पुस्तक समोर उघडं असेल तर शेजारच्याचं कोण ऐकेल? माझं त्याच्यावाचून अडलं तरच मी त्याच्याकडे कान देणार.

तज्ज्ञ गटात "चर्चा करा" असं मी सांगत नाही. चिठ्ठी पालथी ठेवून आपला भाग तीन वाक्यांत सांगायचा आणि मूळ गटातली मुलं कोणते दोन प्रश्न विचारतील ते लिहून काढायचं. मी फिरते आणि कुणालाही उठवते. चिठ्ठी उलटून बघावी लागली, तर तो गट अजून तयार नाही. जोडतासिका असेल तर पहिली तासिका इथेच जाऊ द्या. घाईघाईने मूळ गटात परत पाठवलेलं मूल चिठ्ठी वाचून दाखवतं आणि बाकीचे ती उतरवून घेतात. तुमच्याकडे "ऐकतही नाहीत" असं होतंय त्याचं कारण बहुधा हेच असावं.

मूळ गटात सगळ्यांना मिळून एकच प्रश्न दिला होता: तुमच्या गल्लीतली जुनी जलवाहिनी बदलायची आहे, तर मागणी कोण करेल, पैसे कोण मंजूर करेल आणि काम कोण करून घेईल? पाचही चिठ्ठ्या जुळवल्याशिवाय हे सुटत नाही. पण दहा मिनिटांतच पहिल्या चिठ्ठीचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, माझ्या चिठ्ठीतली माणसं आता नाहीतच. पप्पा नळाच्या कामाला सरळ वॉर्ड ऑफिसात जातात." खरंच होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, निवडणूक झालेली नव्हती आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघत होते. महापौर नाहीत, स्थायी समिती नाही.

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, मग तुमच्या चिठ्ठ्यांतली कामं आता कोण करतंय ते शोधा. मुलांनी पाचही चिठ्ठ्या बाकावर मांडल्या. एका गटात स्थायी समितीच्या चिठ्ठीची मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, आयुक्तांच्या चिठ्ठीच्या मुलाला म्हणाली, "म्हणजे खर्च मागणार तुझा माणूस आणि माझं काम पण तोच करणार? मग नाही कोण म्हणणार?" सत्ता एकमेकांवर नजर ठेवून का वाटलेली असते हे मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं असेल. त्या दिवशी ते एका सहावीच्या मुलीने विचारलं, कारण तो भाग तिचा होता आणि तो तिच्या हातून गेला होता.

नेमके तेव्हाच पर्यवेक्षक सर दारात आले. वर्गात आवाज होता, तो असणारच. नंतर त्यांनी मला एवढंच विचारलं की कोणता गट चांगला होता, त्याला आठ लिहून टाका.

मी चाचणी घेतली. दहा प्रश्न, प्रत्येक चिठ्ठीवर दोन, वह्या बंद, ज्याचा त्याने पेपर लिहायचा. नंतर एका कागदावर नावं घेतली, पाच चिठ्ठ्यांचे पाच रकाने आखले आणि बरोबर उत्तरांच्या खुणा केल्या. हा कागद कसा वाचायचा ते सांगते. मुलाला स्वतःचाच भाग आला नाही, तर बिघाड तज्ज्ञ गटात झाला. स्वतःचा आला पण त्याच्या मूळ गटातल्या बाकी चौघांना तो भाग आला नाही, तर त्याला कळलंय, शिकवता आलेलं नाही. सगळ्या वर्गाचा एकच रकाना रिकामा असेल, तर तुमची चिठ्ठीच वाईट लिहिली गेली आहे.

त्या दिवशी अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं की स्थायी समितीचे अध्यक्ष महापौर असतात. रकाना बघितला तर चुकलेले पाचही मूळ गट असे, ज्यांची स्थायी समितीची मुलं एकाच तज्ज्ञ गटातून आली होती. दुसऱ्या गटाकडून शिकलेल्यांचं बरोबर होतं. म्हणजे चूक कुठे शिरली ते बोट ठेवून दाखवता आलं. दुसऱ्या दिवशी त्याच पाच मुलांना मी चिठ्ठी पुन्हा दिली आणि आपापल्या गटात जाऊन दुरुस्ती त्यांनीच केली. तक्त्याला आठ गुण दिले असते, तर ही चूक वार्षिक परीक्षेपर्यंत वहीत तशीच राहिली असती. तो कागद मी सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, तपासायला एवढा वेळ कुणाला आहे? पण शेजारच्याशी पेपर बदलून मुलंच तपासतात, मी फक्त खुणा उतरवते. वर्गातच, तासाच्या शेवटी.

आता भूमिका. गटप्रमुख, वेळ बघणारा, नोंद करणारा, सामान आणणारा अशा भूमिका द्यायची पद्धत आहे. माझ्या मते त्यातल्या निम्म्या फुकट आहेत. ज्याला वेळ बघायला सांगता, त्याला बाकी काही न करायची परवानगीच मिळते. जिगसॉमध्ये खरी भूमिका म्हणजे हातातली चिठ्ठी. त्याशिवाय मी दोनच ठेवते. एक गटप्रमुख, जो प्रत्येकाला बोलायला लावतो. आणि दुसरा, जो प्रत्येक भागानंतर "हे मला पुन्हा सांग" असं म्हणतो. ही दुसरी भूमिका मुद्दाम त्या सगळं करणाऱ्या मुलीला द्या. तिला उत्तर सांगायला मनाई, फक्त विचारायचं. एखादा गट भरकटला तर सगळ्यांना दटावू नका, गटप्रमुखाच्या कानात सांगा, नाहीतर गट तुमचा होतो, त्याचा राहत नाही.

काही अडचणी आहेत. गैरहजेरी मुंबईत पावसाळ्यात नेहमीचीच, म्हणून एखाद्या चिठ्ठीची दोन मुलं असलेले सहा जणांचे एकदोन गट आधीच ठरवून ठेवा. वाचन अडखळणाऱ्या मुलाला चिठ्ठी आदल्या दिवशी घरी द्या, आणि तज्ज्ञ गटात तो कुणाशेजारी बसेल ते तुम्ही ठरवा. ज्या धड्यात एक भाग कळल्याशिवाय दुसरा कळतच नाही, तिथे जिगसॉ करू नका. आणि पहिल्या वेळी चाचणीचे गुण कमीच येतील, ते पालकसभेत मांडू नका.

आकारिक नोंदीचं म्हणाल, तर गटकार्याच्या रकान्यात मी प्रत्येकाच्या चाचणीचेच गुण लिहिते आणि कुणी विचारलंच तर खुणांचा कागद जोडते. सर निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आलेल्या बाईंनी तो कागद बघून विचारलं, बाकीच्या विषयांना असं का होत नाही? ते मात्र मला बाईंच्याच तोंडून सरांना ऐकवायचं होतं.