कोनदुभाजक समोरच्या बाजूला दुभागतो का?

प्रश्न : मुलीला दहावीचं कोनदुभाजकाचं प्रमेय समजावताना अडलो. दुभाजक म्हणजे दोन सारखे भाग करणारा, मग समोरच्या बाजूचे तुकडे लहानमोठे कसे? आणि दुभाजक किरण असेल तर त्याची 'लांबी' कशी काढायची?

उत्तर : 'कोनदुभाजक' या समासात दुभागला जातो तो कोन. बाजूबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. प्रमेयाच्या विधानात बाजूसाठी 'विभागतो' हे क्रियापद येतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. कोन दुभागला जातो, बाजू विभागली जाते, तीही उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तरात. मुलीला ही दोन क्रियापदं आधी वेगळी करून द्या.

खरं तर 'दुभाजक' या शब्दातही 'सारखे' असं कुठे नाही. 'दु' म्हणजे दोन, जसं दुमजली, दुपदरी. रस्त्यावरचा दुभाजकही रस्त्याचे दोन भाग करतो, ते सारखेच हवेत असं नाही. हिंदीत 'समद्विभाजक' म्हणतात, तिथे 'सम' उघड दिसतो. मराठी भूमितीत तो अर्थ संकेतानं आला आहे.

लांबीबद्दल तुमची शंका रास्त आहे. किरणाला लांबी नसते. 'दुभाजकाची लांबी' हे बोलण्यातलं संक्षिप्त रूप आहे. मोजायचा असतो तो शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूपर्यंतचा रेषाखंड.

एक त्रिकोण घ्या : AB = 21, AC = 14, BC = 25. कोन A चा दुभाजक BC ला D मध्ये छेदतो. 21 : 14 म्हणजे 3 : 2, म्हणून 25 चे पाच वाटे करून तीन B कडे, दोन C कडे. BD = 15, DC = 10. आता लांबी :

AD² = AB × AC − BD × DC = 294 − 150 = 144

म्हणून AD = 12. हे सूत्र येतं कुठून? AD वाढवून परिवर्तुळाला E मध्ये मिळवा. ABD आणि AEC हे त्रिकोण समरूप होतात, म्हणून AB × AC = AD × AE. AE चे AD आणि DE असे दोन भाग करा. छेदणाऱ्या जीवांच्या गुणधर्मानं AD × DE म्हणजेच BD × DC, की झालं. ताळा पाहा : AE = 24.5, DE = 12.5, आणि 12 × 12.5 = 150.

मुलं बहुधा चुकतात ती D ला मध्यबिंदू मानून. मग दोन्ही तुकडे 12.5 धरले जातात आणि उत्तर सुमारे 11.74 येतं. ते दुभाजकाचंही नाही आणि मध्यगेचंही नाही, कारण इथे मध्यगा सुमारे 12.74 भरते. बाजूला दुभागणारी ती मध्यगा. AB आणि AC सारख्या असल्या तरच A मधली मध्यगा आणि दुभाजक एकमेकांवर येतात.