जळगाव काढून टाकू का?

"मॅडम, जळगावच्या एमआयडीसीत दालमिलमध्ये मी नऊ वर्षं काढली. शेवटची चार वर्षं क्वालिटी माझ्याकडेच होती. आता बायकोच्या नोकरीमुळे कॅनडात, रेजायनाला आलोय. आठ महिन्यांत सत्तर अर्ज केले. दोनच फोन आले आणि दोघांनीही 'इथला अनुभव नाही' म्हणून विषय संपवला. प्रोफाइलवरून जळगाव काढूनच टाकू का?"

काढू नका, हे मी पहिल्याच कॉलवर सांगितलं. जळगाव काढलं की नऊ वर्षांचं भगदाड उरतं, आणि भगदाडाबद्दल माणसं वाईटच अंदाज करतात.

त्यांना आपण किशोरभाऊ म्हणू. नाव बदललेलं आहे. माझ्या सकाळी आठला त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असत. त्यांनी पाठवलेला परिचय पाच ओळींचा होता. कष्टाळू, नामांकित दालमिल, सीनियर सुपरवायझर-कम-क्यूसी इन्चार्ज, वर्षाला अमुक कोटींची उलाढाल, एफएसएसएआयचं सगळं काम, तुरीचा उतारा वाढवला. जळगावात कोणीही हे वाचून मान डोलावेल. रेजायनातल्या माणसाला मात्र यातलं एकही वाक्य पकडता येत नाही. 'नामांकित' म्हणजे कुणाच्या लेखी? 'इन्चार्ज' म्हणजे नेमका कशाचा? 'इथला अनुभव नाही' असं जे म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणांना म्हणायचं असतं, 'तू काय केलंस ते मला कळलं नाही.' (सगळ्यांना नव्हे. ओंटारिओ प्रांतात 2026 पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीत कॅनडाच्या अनुभवाची अट घालता येत नाही. कायदा करावा लागला, म्हणजे अडवणूकही होतीच. पण रेजायना सस्कॅचेवान प्रांतात आहे, त्यामुळे किशोरभाऊंना त्याचा उपयोग नव्हता.)

त्यांनी स्वतः एक दुरुस्ती करून पाहिली होती, ती उलटली होती. क्विंटलचं टन केलं, ते ठीकच. तिथेही टन चालतं. पण मिलची उलाढाल आणि स्वतःचा पगार दोन्ही डॉलरमध्ये मांडले. रुपयाचा डॉलर केला की मोठी मिल टपरीएवढी दिसते आणि जबाबदारीचा पगार हातखर्चासारखा. पैसे काढून टाकले आणि त्या जागी माल घातला: रोज 40 टन कच्चा माल, दोन पाळ्या, हाताखाली 14 माणसं. टनाला विनिमयदर नसतो.

मग हुद्दा. कॅनडात कामांची सरकारी यादी आहे, तिला एनओसी म्हणतात. सरकारी जॉब बँकेतल्या जाहिराती त्याच नावांनी लागतात. त्यात अन्नप्रक्रियेतला पर्यवेक्षक 92012 खाली येतो आणि माल तपासणारा, प्रतवारी करणारा 94143 खाली. किशोरभाऊंनी दोन्ही कामं केली होती, म्हणून तिथल्याच शब्दांत दोन्ही लिहिली. मूळ हुद्दा अनुभवाच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवला, कारण चौकशीचा फोन मिलवर गेला तर मालक तोच हुद्दा सांगणार. एका मित्राने त्यांना 'क्वालिटी इंजिनिअर' लिही असं सुचवलं होतं. ते मी थांबवलं. तिथे इंजिनिअर ही पदवी परवान्याशी बांधलेली आहे, आणि किशोरभाऊ तर केमिस्ट्रीचे बी.एस्सी.

उताऱ्याच्या, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते त्या ओळीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. 'वाढवला' म्हणजे किती? 72 वरून 74 टक्के. मी म्हटलं, दोन टक्के म्हणजे कोणाला काय कळणार? ते जरा दुखावले. मग आम्ही हिशेब मांडला. रोज 40 टन तूर भरडली जात असेल, तर दोन टक्के म्हणजे 800 किलो डाळ, जी आधी चुणीत आणि कणीत जायची. कशी वाचवली? तूर आधी चाळून तीन साइझमध्ये वेगळी केली आणि प्रत्येक साइझला एमरी रोलरची फट वेगळी ठेवली. तेलपाणी दिल्यावर ती मुरायचा वेळही वाढवला. हे तीन शब्दांत सांगता येतं, आणि रेजायनातल्या प्लांटवाल्याला ते लगेच कळतं, कारण मसुराची साल काढताना त्याचंही दुखणं तेच असतं.

एफएसएसएआय हे नाव तिथे कोणी ओळखत नाही. त्यामुळे 'भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण' एवढं एकदा लिहून पुढे प्रत्यक्ष काम लिहिलं: दर तासाला मेटल डिटेक्टरची चाचणी, नाकारलेल्या मालाची नोंदवही, ऑडिटरसमोर उत्तरं देणं. मिलला अन्नसुरक्षेचं आयएसओ 22000 प्रमाणपत्र होतं. त्याच्या मुळाशी हॅसपची, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याची तत्त्वं आहेत, आणि कॅनडाच्या 2019 पासूनच्या नियमांतला प्रतिबंधक आराखडाही त्याच तत्त्वांवर उभा आहे. हा पूल खरा होता. पण किशोरभाऊंनी पहिल्यांदा लिहिलं, 'हॅसप सर्टिफाइड'. प्रमाणपत्र मिलचं होतं, त्यांचं नव्हतं. 'प्रमाणित प्लांटमध्ये नोंदी सांभाळल्या' असं बदललं. मुलाखतीत पहिला प्रश्न प्रमाणपत्राच्या क्रमांकाचाच आला असता.

आणि खरी गोष्ट निघाली ती तिसऱ्या कॉलवर, तीही सहज. मी विचारलं, "मिलमध्ये तूर सोडून काय यायचं?" ते म्हणाले, "मसूर यायचा ना, कॅनडाचा. मुंद्र्याहून कंटेनर यायचे, ते उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं."

मी क्षणभर गप्पच झाले. सस्कॅचेवान म्हणजे कॅनडाच्या मसुराचं कोठार. त्या माणसांचा भारत हा जुना गिऱ्हाईक. नोव्हेंबर 2017 मध्ये भारताने वाटाण्यावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तिथले शेतकरीसुद्धा आपल्या डाळीच्या बाजाराबद्दल बोलत होते. आणि त्यांचा माल गिऱ्हाइकाच्या दारात उघडून पाहणारा माणूस त्यांच्याच गावात बसून सत्तर अर्ज करत होता.

"हे लिहिलं का नाही?"

"ते तर माल उतरवायचं काम मॅडम, त्यात काय सांगायचं?"

मग तेच सगळ्यात वर आलं. इंग्रजीत लिहिलेल्या परिचयाचा आशय असा होता: 'डाळ प्रक्रियेत 9 वर्षं, शेवटची 4 गुणवत्ता पर्यवेक्षक म्हणून. कॅनडाहून भारतात येणारा लाल मसूर मी खरेदीदाराच्या बाजूने तपासत असे: ओलावा, फुटका दाणा, खडे, रंग. कोणत्या कारणाने माल नाकारला जातो ते मला माहीत आहे. रोज 40 टनांच्या प्लांटमध्ये उतारा 72 वरून 74 टक्क्यांवर नेला.' तूर मुद्दाम खाली गेली, कारण तिथे ती कोणी पिकवत नाही. 'कष्टाळू' हा शब्द कुठेच उरला नाही.

मालकांचा फोन लागेल याची खात्री मात्र आधी करून घेतली. वेळेत साडेअकरा तासांचं अंतर, आणि मालक अनोळखी परदेशी नंबर उचलत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून लेटरहेडवर पत्र घेतलं. त्यात मसुराच्या कंटेनरांचा उल्लेख यायलाच हवा, असं किशोरभाऊंनी त्यांना दोनदा सांगितलं.

पुढच्या पाच आठवड्यांत अकरा अर्ज गेले आणि चार फोन आले. एका फोनवर विचारलं गेलं, "आमचा माल नाकारायचात तो कशामुळे?" किशोरभाऊ वीस मिनिटं बोलले. नोकरी लागली ती पर्यवेक्षकाची नाही, तपासनिसाची, आणि रात्रपाळीची. ही एक पायरी परिचयाने भरून निघाली नाही. त्यांनी नोकरी घेतली, आणि आता मला विचारतायत की पर्यवेक्षकाच्या जागेसाठी अर्ज करताना तूर परत वर आणायची का. मी नाहीच म्हटलंय.