मोगऱ्याचं तेल का निघत नाही

"पाच किलो मोगरा भट्टीवर चढवला, तीन तास वाफ दिली. तेलाचा थेंबही नाही आणि पाण्याला उकडलेल्या पाल्याचा वास येतोय. भांड्यात दोष आहे का?"

भांडं ठीक आहे. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, म्हणून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. मी रसायनशास्त्रज्ञ नाही, हे अनुभवाचे बोल समजा.

गवती चहाच्या पानात तेल साठलेलं असतं, वाफ ते बाहेर काढते. मोगऱ्यात साठा नगण्य असतो. कळी संध्याकाळी उमलते आणि तोडल्यावरही रात्रभर सुगंध तयार करत राहते. वाफ लागली की फूल मरतं, तिथेच काम थांबतं. जे थोडं असतं त्यातलं बेन्झिल अ‍ॅसिटेट हे सुगंधी द्रव्य उकळत्या पाण्यात काही अंशी तुटतं, काही पाण्यातच विरघळून राहतं. कनौजला मोतियाचं, म्हणजे मोगऱ्याचं, अत्तर वाफेनेच काढतात, पण तिथे वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ थंड होऊन जमते त्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरते आणि ते तेल सुगंध धरून ठेवतं.

हेक्झेन या द्रावकात फुलं बुडवून सुगंध काढतात, पण त्यातही फूल मरतं, त्या क्षणी जेवढा सुगंध असेल तेवढाच मिळतो. निघतो तो मेणचट गोळा, त्याला काँक्रीट म्हणतात. ते अल्कोहोलमध्ये ढवळून, गारठवून, मेण गाळून अल्कोहोल उडवलं की अ‍ॅब्सोल्यूट. घरी हेक्झेनच्या वाटेला जाऊ नका, भडका उडतो.

आन्फ्लराजमध्ये, म्हणजे चरबीत सुगंध शोषून घेण्याच्या पद्धतीत, फूल जिवंत राहतं. काचेवर वास नसलेल्या घट्ट चरबीचा पातळ थर द्यायचा, देठ काढलेल्या कळ्या उमलायच्या आधी एका थरात मांडायच्या, चोवीस तासांनी उचलून नव्या मांडायच्या. असं वीस-तीस वेळा. नुसतं खोबरेल चालत नाही, ते २४ अंशांनाच वितळतं आणि पुण्याच्या मे महिन्यात काचेवरून ओघळतं.

माझं खरं नुकसान मात्र पाण्याने केलं. बाजारात फुलांवर पाणी शिंपडून ओल्या फडक्यात गुंडाळतात. घाईत मी तशीच मांडली. नवव्या दिवशी काच उजेडात धरली तर चरबीत करडे ठिपके, आणि मोगऱ्याखाली ओल्या गोणपाटाचा वास. ठिपके खरवडून मी आणखी नऊ दिवस फुलं घातली, ही त्याहून मोठी चूक. बुरशीचा वास चरबीभर पसरतो आणि पुढे अल्कोहोलमध्येही उतरतो. सगळं फेकलं. अठरा दिवसांची फुलं! अजून जीव हळहळतो.

म्हणून विक्रेत्याला न शिंपडलेल्या कळ्या आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरी सुती कापडावर पंख्याखाली अर्धा तास पसरा आणि एक कळी टिपकागदावर दाबून बघा. डाग उमटला तर थांबा. तपकिरी पडलेलं एकही फूल काचेवर राहू देऊ नका.

शेवटी चरबी अल्कोहोलमध्ये धुवायची, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, गोठलेली चरबी गाळून टाकायची, सुगंध अल्कोहोलमध्ये राहतो. शुद्ध स्पिरिटला परवान्याचे नियम आहेत, त्याची चौकशी फुलं आणायच्या आधीच करा.