‘अयं बन्धुरयं नेति’ : अर्ध्या ओळीवरून श्लोकाचा पत्ता

प्रश्न : आजोबांच्या जुन्या वहीत एक संस्कृत श्लोक आहे. ‘अयं बन्धुरयं नेति गणना’ एवढंच वाचता येतं, पुढचा कागद गेलाय. दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके दिसतात. नेटवर टाकलं की सगळीकडे ‘वसुधैव कुटुम्बकम्’ येतं, पण तिथे तर विसर्ग नाही. हा श्लोक नक्की कुठला? असा शोध छापील सूचींतून आणि ऑनलाइन कसा घेतात?

उत्तर :

ते दोन ठिपके खरोखर विसर्ग असतील, तर तुमचा श्लोक योगवासिष्ठातला आहे : उपशमप्रकरण (पाचवं प्रकरण), सर्ग 18, श्लोक 61.

अयं बन्धुरयं नेति गणना लघुचेतसाम् ।
उदारचरितानां तु विगतावरणैव धीः ॥

‘हा आपला, हा नाही, असला हिशोब कोत्या मनाची माणसं करतात; उदार माणसांच्या बुद्धीवर तसला पडदाच नसतो.’ शेवटच्या ‘धीः’चा विसर्ग तुम्हाला दिसतो आहे. आता इथवर कसं पोचायचं ते सांगतो, कारण याच श्लोकात बहुतेक सगळे खाचखळगे एकदम भेटतात.

श्लोकाच्या सुरुवातीच्या शब्दांना ‘प्रतीक’ म्हणतात आणि जुन्या छापील ग्रंथांच्या शेवटी या प्रतीकांची अकारविल्हे यादी असते, ती श्लोकानुक्रमणिका. हातात फक्त सुरुवात असेल तर ही यादी उत्तम. पण तुमच्या श्लोकाची गोम अशी की त्याची सुरुवातच दोन प्रकारे चालत आली आहे. लोकांच्या तोंडी आहे ते ‘अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम्’. हा पाठ हितोपदेशात आणि पंचतंत्रात मिळतो. तुमच्या वहीतला ‘अयं बन्धुरयं नेति’ हा पाठ महोपनिषदात आणि योगवासिष्ठात मिळतो. म्हणजे सुभाषितांच्या सूचीत ‘अयं निजः’ सापडलं आणि तिथेच थांबलात, तर गाव बरोबर पण घर चुकलेलं.

सुभाषित वाटणाऱ्या श्लोकासाठी मी आधी तीन पुस्तकं काढतो. ब्योटलिंकचा ‘इंडिश स्प्रुख’ हा संग्रह (दुसरी आवृत्ती, सेंट पीटर्सबर्ग, 1870–73) अकारविल्हे लावलेला आहे, त्यात साडेसात हजारांवर श्लोक आहेत आणि प्रत्येकाखाली तो कुठेकुठे येतो ते दिलेलं आहे. त्याच वाटेवरचं पुढचं आणि फार मोठं काम म्हणजे लुडविक स्टर्नबाखचा ‘महासुभाषितसंग्रह’, होशियारपूरहून 1974 पासून निघालेला. तो वर्णमालेच्या शेवटापर्यंत पोचला नाही, पण तुमचा श्लोक ‘अ’चा असल्याने तुम्हाला त्याची अडचण नाही. तिसरं, आपल्याकडे सहज मिळणारं ‘सुभाषितरत्नभाण्डागार’. त्याची निर्णयसागरची नारायण राम आचार्यांनी सुधारलेली 1952ची आवृत्ती शोधा, कारण तिच्यात श्लोकांची मूळ स्थळंही दिली आहेत. जुन्या आवृत्त्यांत नुसते श्लोक मिळतात, पत्ता मिळत नाही.

पण तुमच्या ओळीतला ‘बन्धुरयं नेति’ हा सूर सुभाषितापेक्षा वेदान्ताचा आहे. अशा वेळी उपनिषदांच्या सूचीकडे वळायचं. जेकबचा 1891चा ‘उपनिषद्वाक्यकोश’ प्रसिद्ध आहे, मात्र तो मोजक्या उपनिषदांपुरता आहे. त्यापेक्षा गजानन शंभू साधले यांचा ‘उपनिषद्वाक्यमहाकोश’ घ्या. मुंबईत छापलेल्या या कोशात 223 उपनिषदांतली वाक्यं त्यांच्या आद्याक्षरांनुसार लावली आहेत. महोपनिषदासारख्या उत्तरकालीन उपनिषदासाठी हाच उपयोगी. महोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, 71व्या श्लोकाच्या आसपास (आवृत्तीप्रमाणे क्रमांक एखादा पुढेमागे होतो), तुमची पहिली ओळ जशीच्या तशी आहे. तिथे दुसरी ओळ मात्र ‘उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्’ अशी आहे. तुमचा विसर्ग इथे बसत नाही. इंटरनेटवरची बरीच पानं महोपनिषदाचं नाव देतात आणि पाठ मात्र ‘अयं निजः’चा छापतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

छापील सूची चाळताना अनुस्वाराचं भान ठेवा. ‘अयं’ काही सूचींत ‘अय’नंतर लगेच, सगळ्या व्यंजनांच्या आधी येतो, तर काहींत तो ‘अयम्’ धरून ‘म’च्या जागी लावलेला असतो. एका जागी नाही म्हणजे सूचीतच नाही, असं समजू नका. दुसरी जागा पाहून मगच पुस्तक मिटा.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. श्लोकानुक्रमणिकेत फक्त पहिला चरण असतो, पादानुक्रमणिकेत चारही चरण. भांडारकर संस्थेने काढलेली महाभारताची प्रतीकसूची (प. ल. वैद्य, 6 खंड, 1967–72) नाव ‘प्रतीक’ असलं तरी चरणांची आहे. त्यामुळे तिच्यात ‘अयं बन्धुरयं नेति’ पाहायचं, आणि ते नसेल तर ‘उदारचरितानां तु’ही पाहायचं. पाठ बदलतो तो बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या चरणात. मधले चरण टिकून राहतात. तुमच्याच श्लोकात बघा, हितोपदेश, महोपनिषद आणि योगवासिष्ठ या तिन्हींत ‘गणना लघुचेतसाम् । उदारचरितानां तु’ हा मधला भाग अक्षरशः एक आहे.

ऑनलाइन शोधताना हीच गोष्ट कामाला येते. अख्खी ओळ टाकू नका, मधला एखादा दुर्मिळ शब्द टाका. ‘गणना’ कुठेही सापडेल, ‘लघुचेतस्’ मात्र फारसा येत नाही. गूगलमध्ये अख्खा शब्द जुळावा लागतो, म्हणून ‘लघुचेतसाम्’ आणि ‘लघुचेतसां’ असे दोन्ही शोध वेगवेगळे घ्या. ‘बन्धुरयं’ आणि ‘बंधुरयं’ यांचंही तसंच. शिवाय देवनागरीत ‘बन्धुरयं’ जोडून लिहितात, तर रोमन लिपीतल्या संग्रहांत बहुधा `bandhur ayaṃ` असं तोडलेलं असतं. sanskritdocuments.org वर महोपनिषद देवनागरीत आहे आणि sa.wikisource.org वर योगवासिष्ठ सर्गवार आहे, तिथे देवनागरीत शोधा. ग्योटिंगनच्या ग्रेटिल संग्रहात रोमन लिपी आहे :

```
"laghucetasām" site:gretil.sub.uni-goettingen.de
```

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ग्रेटिलच्या फायली उतरवून घेऊन आपल्याच संगणकावर शोधणं. तिथे शब्दाचा तुकडाही चालतो, त्यामुळे विभक्ती आणि अनुस्वाराचा प्रश्न उरत नाही :

```
grep -rin "laghucetas" gretil/
grep -rin "racarit[aā]n[aā]" gretil/
```

दुसऱ्या ओळीत मी मुद्दाम `udāra` गाळलं आहे आणि दीर्घ-ऱ्हस्व दोन्ही चालतील असं लिहिलं आहे, कारण जुन्या फायलींत खुणा कधीकधी गळलेल्या असतात. एक लक्षात असू द्या की बऱ्याच फायलींत श्लोकाची प्रत्येक ओळ वेगळी असते, म्हणून शोधाचा तुकडा एकाच चरणातला हवा. दोन चरणांवर पसरलेला तुकडा समोर असूनही सापडत नाही. आणि काहीच मिळालं नाही तर त्याचा अर्थ एवढाच की तो ग्रंथ त्या संग्रहात नाही. ऑलिव्हर हेलविग यांच्या ‘डिजिटल कॉर्पस ऑफ संस्कृत’मध्ये मूळ शब्दावरून शोधता येतं, संधी-विभक्तीची कटकट नसते, पण तिथेही निवडक ग्रंथच आहेत.

स्थळं हाती आली की प्रत्येक ठिकाणी मागचे-पुढचे पाच-दहा श्लोक वाचायचे. हे काम लोक टाळतात आणि तिथेच फसतात. हितोपदेशात ‘अयं निजः परो वेति’ म्हणतो तो क्षुद्रबुद्धी नावाचा कोल्हा. हरणाला खाण्याचा बेत मनात ठेवून तो मैत्री लावतो आहे, आणि हा श्लोक त्याच्या गोड बोलण्याचा भाग आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात मेलेला सिंह जिवंत करणाऱ्या ब्राह्मणांच्या गोष्टीत तो येतो; तिथे विद्या नसलेल्या चौथ्या मित्रालाही वाटा द्यावा, असं त्यातला एक जण या श्लोकाने सुचवतो. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला जीवन्मुक्ताचं वागणं सांगत आहेत, आणि लगेच पुढच्या सर्गात पुण्य आणि पावन या दोन भावांची कथा सुरू होते. आईवडिलांच्या मृत्यूने खचलेल्या पावनाला थोरला पुण्य विचारतो, की जन्मोजन्मी किती आप्त झाले, त्यातल्या कोणाकोणासाठी रडशील? इथे ‘बन्धु’ हाच विषय आहे. ‘निजः-परः’पेक्षा ‘बन्धुरयं’ हा पाठ इथे का शोभतो, ते आपोआप कळतं.

महोपनिषदातला श्लोक आला कुठून, हेही यातून सुटतं. या उपनिषदाचा मोठा भाग योगवासिष्ठाच्या श्लोकांचा आहे, हे बी. एल. आत्रेय यांनी दाखवून दिलं आहे. म्हणून ‘उपनिषदात आहे म्हणजे मूळ तेच’ असं इथे धरता येत नाही. उलट पहिली ओळ योगवासिष्ठाची आणि शेवटचा चरण सुभाषिताचा, अशी जोडणी तिथे झालेली दिसते. हा माझा अंदाज. हस्तलिखितं न पाहता यापुढे जाऊ नये. हितोपदेशाचं सर्वात जुनं ज्ञात हस्तलिखित 1373चं आहे, पण त्यात गोळा केलेले श्लोक त्याहून बरेच जुने असू शकतात, तेव्हा त्या सालावरूनही मूळ ठरत नाही.

आता वहीकडे परत या. दोन्ही पाठांत चौथा चरण ‘व’नेच सुरू होतो आणि दोन्हींत अक्षरं आठच, त्यामुळे वृत्तावरून काही ठरणार नाही. दुसऱ्या ओळीच्या मधोमध जे काही उरलं असेल ते भिंगाखाली पाहा. ‘वि’ची पहिली वेलांटी ‘व’च्या आधी येते आणि तिचा वरचा बाक शिरोरेघेच्या वर जातो, म्हणून अक्षर गेलं तरी तो बाक कधीकधी उरतो. ‘वसुधैव’ असेल तर तिथे वर काही नसेल, खाली ‘सु’चा उकार दिसू शकेल. शेवटचे ठिपके उभे एकावर एक आहेत ना, की दोन दंडांची शाई फुटून उरलेले तुकडे आहेत, तेही तपासा. दंडाचे तुकडे असतील तर ते शेजारी शेजारी पडतील, एकावर एक नाही. आणि त्या श्लोकाच्या वरखाली वहीत दुसरं काही उतरवलेलं असेल तर त्याचे सुरुवातीचे शब्द इथे लिहा. ‘भावाभावविनिर्मुक्तं’ असं काही खाली असेल तर आजोबा महोपनिषद उतरवत होते, कारण तिथला पुढचा श्लोक तोच आहे.