रिटायरमेंटला नेमके किती पैसे लागतील, पीएफ धरून हिशोब कसा करायचा?

प्रश्न: वय ४२, पुण्यात प्रायव्हेट नोकरी. महिन्याला ७० हजार खर्च होतात. पीएफमध्ये १२ लाख, म्युच्युअल फंडात ९ लाख आणि ४ लाखांची एफडी आहे. बेसिक ४० हजार. ५८ ला थांबायचं म्हटलं तर किती जमवावे लागतील?

उत्तर: आधी त्या ७० हजारांची चिरफाड करा, कारण सगळं गणित त्याच आकड्यावर उभं राहतं. त्यात होम लोनचा हप्ता असेल तर तो तोपर्यंत संपलेला असेल, मुलांच्या फिया पण नसतील. समजा २० हजार हप्ता आणि १२ हजार शाळा-क्लासेस, म्हणजे उरले ३८. आता उलट बाजू बघा, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच जातो आणि साठीच्या आसपास स्वतःचा प्रीमियम चांगलाच बसतो, शिवाय प्रॉपर्टी टॅक्स, गाडीचा विमा, गावाला जाणं, घराची रंगरंगोटी असले वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या हिशोबात कुणीच धरत नाही (मी पण पहिल्यांदा धरले नव्हते). त्यांचे ७ हजार धरले की झाले ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५.४ लाख.

आता महागाई. रिझर्व्ह बँकेचं टार्गेट ४ टक्के, वर-खाली २ ची मुभा, त्यामुळे मी वरचे ६ धरतो. १६ वर्षांत खर्च अडीचपट होतो, तुमचे ५.४ लाख होतील साधारण १३.७ लाख. आणि महागाई ५८ ला थांबत नाही, पुढची ३० वर्षं पण चालूच राहणार. पैसे टॅक्स जाऊन ७ टक्क्यांनी वाढले आणि खर्च ६ ने, तर खरी वाढ जेमतेम एक टक्का. एक्सेलमध्ये हे टाका, आकडे लाखात आहेत:

```
=PV(1.07/1.06-1, 30, -13.72, 0, 1)
```

उत्तर येतं ३६० च्या आसपास, म्हणजे ३.६ कोटी. हाच फॉर्म्युला महागाई ७ टक्के धरून केला (१६ वर्षांनंतरचा खर्च मग १५.९ लाख होतो) तर आकडा ४.८ कोटींच्या जवळ जातो, एका टक्क्याने एवढा फरक, म्हणून कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगितला तर जरा सावध राहा.

इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ३.६ कोटींतून आजचे २५ लाख वजा करणं. ३.६ कोटी हे १६ वर्षांनंतरचे रुपये आहेत, त्यामुळे आजची शिल्लक पण आधी तिथपर्यंत नेऊन मग वजा करायची. पीएफचे १२ लाख ८ टक्क्यांनी ४१ लाख होतात (सध्या व्याज ८.२५ आहे पण इतकी वर्षं तेच राहील असं धरू नका). शिवाय दर महिन्याची भर. तुमचे १२ टक्के म्हणजे ४,८०० पूर्ण जातात, पण कंपनीच्या ४,८०० मधले १,२५० पेन्शन स्कीमला वळतात, त्यामुळे पीएफमध्ये पडतात ८,३५०. पासबुकात पेन्शनचा कॉलम वेगळा दिसतो, तो शिल्लकीत मिळवू नका. पगार वर्षाला ५ टक्के वाढला तर या भरीचे अजून ४१ लाख, पीएफ एकूण ८२ लाख. ती पेन्शन महिन्याला सहा-सात हजार बसेल, महागाईबरोबर वाढत पण नाही, म्हणून मी ती हिशोबातच घेत नाही.

फंडातले ९ लाख १० टक्क्यांनी ४१ लाख. एफडी अडीनडीसाठी आहे, ती सोडा. ३६० मधून ८२ आणि ४१ गेले, उरली तूट साधारण २.३७ कोटी. त्यासाठी आज ३२ हजारांची एसआयपी, तीही दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवत न्यायची. आकडा बघून घाम फुटेल, पण थांबायचं वय ६० केलं तर हीच एसआयपी २३-२४ हजारांवर येते, कारण भर टाकायला दोन वर्षं जास्त मिळतात आणि खायची दोन वर्षं कमी होतात. आज एवढं झेपत नसेल तर जेवढं जमतं तेवढं सुरू करा आणि हप्ता फिटला की ते २० हजार त्याच महिन्यापासून तिकडे वळवा, पण उशिराने सुरू केलेल्या पैशाला वाढायला वेळ कमी मिळतो, सो त्या वर्षी तूट परत मोजावी लागेल.

अजून एक, जुन्या कंपनीतला पीएफ ट्रान्सफर झालाय का ते बघा. माझे एका जुन्या नोकरीतले पावणेदोन लाख सहा वर्षं तसेच पडून होते, आणि मी मात्र ते आत्ताच्या शिल्लकीत आहेतच असं धरून एक्सेल करत होतो.